अपडेट २.४ जीबीचं, मोकळी जागा १.१ जीबी: कोल्हापुरातल्या एका फोनचं प्रकरण

फोन अँड्रॉइड १३चा, ६४ जीबीचा, मेमरी कार्डाचा खाचा असलेला. मालक कोल्हापुरातल्या चप्पल लाईनवरचे एक दुकानदार. नव्या जोडाचे फोटो काढायचे, पट्टा जवळून दिसेल असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करायचा आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, असा त्यांचा रोजचा रिवाज. तीन वर्षं हे चाललेलं. त्यात तालमीचा ग्रुप, फुटबॉल मॅचच्या क्लिपा टाकणारा टेलिग्राम चॅनेल आणि भावकीच्या चार ग्रुपांवरचे सुप्रभात. अँड्रॉइड १४चं अपडेट आलं, आकार २.४ जीबी. डाउनलोडवर बोट ठेवलं की फोन म्हणायचा, पुरेशी जागा नाही.

त्यांनी आदल्या रात्री जे केलं ते बहुतेक जण करतात. गॅलरी उघडून दीडशेच्या आसपास फोटो आणि चाळीसेक व्हिडिओ एकेक निवडून डिलीट केले. तासभर मोडला. सकाळी परत बघतात तर मोकळी जागा होती तेवढीच, १.१ जीबी. दुकानात हिशेबाला बसणाऱ्या भाच्याकडे फोन सरकवत म्हणाले, "आरं, काल रात्री एवढं सगळं काढून टाकलं की! मग जागा गेली कुठं?"

"मामा, ते गेलंच नाही अजून. बिनमध्ये जाऊन बसलंय."

आधी फोन काय म्हणतो ते वाचायचं

Settings मध्ये Storage उघडल्यावर या फोनने दाखवलेला हिशेब असा होता: सिस्टीम १७.४ जीबी, ॲप्स १८.२, फोटो ६.१, व्हिडिओ १२.३, ऑडिओ ०.८, कागदपत्रं ३.०, इतर २.२ आणि बिन २.९. बेरीज ६२.९, म्हणजे शिल्लक १.१. कंपनीप्रमाणे या पानावरची नावं आणि गट थोडे बदलतात, काही फोन बिन वेगळी दाखवतच नाहीत. पण काही डिलीट करायच्या आधी हे पान एकदा नीट वाचावं. कुठला ढीग मोठा आहे ते कळल्याशिवाय हात घातला की रात्रीसारखा तास फुकट जातो.

यातल्या १७.४ जीबीला हात लागत नाही. फोन बनवतानाच सिस्टीमसाठी जागेचा एक तुकडा वेगळा काढलेला असतो, वापरणाऱ्याच्या वाट्याला उरलेलीच येते. फोनबरोबर आलेलं एखादं नको असलेलं ॲप बंद केलं तरी त्याचा मूळ भाग त्याच तुकड्यात राहतो. Uninstall updates केलं तर त्या ॲपची नंतर आलेली वाढ तेवढी मोकळी होते, बाकी काही नाही.

आता २.९ जीबीच्या बिनकडे. गॅलरीतून काही डिलीट केलं की फाइल जागची हलत नाही. तिच्यावर फक्त "टाकाऊ" असा शिक्का बसतो आणि चुकून काढली असेल तर परत घेता यावी म्हणून ती साधारण ३० दिवस तशीच राहते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप न झालेली वस्तू ३० दिवस, बॅकअप झालेली ६० दिवस बिनमध्ये असते. तोवर तिने अडवलेली जागा तिच्याच नावावर. शिवाय बिन एकच नसते. गॅलरीची, गूगल फोटोजची आणि फाइल मॅनेजरची वेगवेगळी असू शकते. एक रिकामी केली म्हणून दुसरी रिकामी होईलच असं नाही, तिन्ही ॲप उघडून बघावी लागतात.

भाच्याने रिकामी करायच्या आधी बिनमधली चित्रं एकदा वरून खाली सरकवून बघितली. तासभर घाईने निवडलेल्या गोष्टी होत्या, त्यात जीएसटीच्या कागदाचा एक फोटो निघाला. तो परत घेतला आणि मग Empty केलं. मोकळी जागा ४.० जीबी झाली. आदल्या रात्रीची मेहनत वाया गेलेली नव्हती, शेवटचं एक बटण तेवढं राहिलं होतं.

चार जीबी झाले, तरी अपडेट अडलं

२.४ जीबीच्या अपडेटला ४ जीबी भरपूर वाटतात. डाउनलोड सुरू झालं, पूर्णही झालं आणि मोकळी जागा १.६ जीबीवर आली. Install दाबलं, तर थोड्या वेळाने तोच निरोप: जागा कमी पडतेय.

इथे लोक गोंधळतात, आणि दोष त्यांचा नाही. पडद्यावर जो आकार दिसतो तो पार्सलचा आहे. पार्सल घरात आल्यावर ते उघडून मांडायला जागा लागते, ती वेगळी. हल्लीच्या अँड्रॉइड फोनमध्ये नवी सिस्टीम जुनीच्या अंगावर सरळ लिहीत नाहीत. जुनी चालू असते, तुम्ही फोन वापरत असता, आणि मागे नव्या सिस्टीमचे बदललेले भाग बाजूला लिहून ठेवले जातात. फोन रिस्टार्ट झाला, नवी सिस्टीम धड चालू झाली, की मग ते बदल सिस्टीमच्या मूळ जागेत मिसळले जातात. नवी चालू झालीच नाही तर फोन जुनीवर परत जातो. ही सोय अँड्रॉइड ११ पासून आलेल्या पद्धतीची आहे, तिला व्हर्च्युअल ए/बी म्हणतात. त्याआधीच्या पद्धतीत, अँड्रॉइड ७ पासून, सिस्टीमचे दोन पूर्ण संच फोनमध्ये कायमचे ठेवलेले असायचे. त्यात जागा कायमची अडायची. नव्या पद्धतीत दुसरा संच कायम ठेवत नाहीत. त्याच्या बदल्यात, सिस्टीमच्या तुकड्यात मावलं नाही तर अपडेटच्या वेळी तुमच्या फोटो-व्हिडिओंच्या जागेतून काही जीबी वापरतात.

म्हणजे अपडेट जागा उसनी घेतं आणि काम झालं की परत करतं. फक्त उसनी द्यायला त्या दिवशी ती खिशात असावी लागते.

नेमकी किती लागेल हे फोनवर, पद्धतीवर आणि दोन आवृत्त्यांमध्ये किती फरक आहे यावर ठरतं. काही फोन पार्सल साठवतच नाहीत, उतरवता उतरवता बसवत जातात; काही आधी पूर्ण उतरवून घेतात, हा फोन दुसऱ्या जातीचा. व्यवहारात चालणारा अंदाज असा की मोठ्या आवृत्तीच्या अपडेटला, म्हणजे १३ वरून १४ अशा, पार्सलच्या अडीच-तीन पट जागा सुरुवातीला मोकळी असावी. इथे तो आकडा ६ ते ७ जीबी येतो. महिन्याच्या सुरक्षा अपडेटला इतकं लागत नाही, ती बहुधा काहीशे एमबीची असतात.

आधीच उतरलेलं २.४ जीबीचं पार्सल फोनमध्येच होतं, म्हणून आता लक्ष्य असं ठरलं की मोकळी जागा १.६ वरून किमान ५ जीबीच्या वर न्यायची. फोन वारंवार Install दाबून पटवायचा प्रयत्न करू नये. जागा न वाढवता दहा वेळा दाबलं तरी उत्तर तेच येतं. काही फोन अडलेलं पार्सल काढून टाकतात आणि परत २.४ जीबी उतरवायला लावतात, तेव्हा रोजच्या डेटाचाही फडशा पडतो.

"कार्ड तर रिकामंच आहे की!"

मामांचा मुद्दा रास्त होता. खाच्यात ३२ जीबीचं कार्ड होतं, त्यात जेमतेम तीनशे एमबी भरलेलं. मग फोन अपडेट तिकडे का नेत नाही?

कारण कार्ड कधीही बाहेर निघू शकतं. फोन चालू होताना सिस्टीमचा अर्धा भाग ज्यावर आहे ती वस्तूच हाताशी नसेल तर फोन उठणार नाही. म्हणून सिस्टीमचं अपडेट फोनच्या आतल्या जागेतच होतं. कार्डाचा उपयोग आडमार्गाने होतो: आतले फोटो-व्हिडिओ तिकडे हलवायचे आणि आत जागा करायची.

आणि आत हलवण्यासारखी एक भलीमोठी गोष्ट होती. फाइल मॅनेजरमध्ये व्हिडिओ आकाराप्रमाणे लावले तेव्हा सगळ्यात वर मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ आला, एकटा ४.७ जीबीचा. फोटोग्राफरने पेन ड्राइव्हवर दिलेला, कुणीतरी तसाच फोनमध्ये उतरवून ठेवलेला. आदल्या रात्री चाळीस व्हिडिओ निवडताना हा नजरेतून सुटला, कारण गॅलरी तारखेप्रमाणे दाखवते आणि हा दोन वर्षांपूर्वीचा. आकाराप्रमाणे लावणे ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत फायद्याची एक कृती आहे. फाइल्स बाय गूगल असो की कंपनीचा स्वतःचा फाइल मॅनेजर, वरच्या कोपऱ्यातल्या Sort मध्ये आकाराचा पर्याय मिळतो.

कार्डावर Move केलं. सरकती पट्टी हललीच नाही, फाइल फार मोठी आहे असा निरोप आला. रिकाम्या २९ जीबीमध्ये ४.७ जीबी मावत नाही हे पटायला अवघड, पण कारण सरळ आहे. ३२ जीबीपर्यंतची कार्डं सहसा FAT32 या मांडणीत येतात आणि त्या मांडणीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी लिहिताच येत नाही. एकूण जागा कितीही असो, एका फाइलची मर्यादा तीच. ६४ जीबी आणि त्यावरच्या कार्डांची मांडणी exFAT असते, तिथे ही अडचण नाही. स्वस्तातल्या पेन ड्राइव्हचीही हीच गत होते. अशा वेळी Cut न करता Copy करावं. Cut मधेच अडला तर फाइल कुठे किती आहे याचा शोध घेत बसावं लागतं.

म्हणून लग्नाचा व्हिडिओ थोडा बाजूला ठेवला आणि आधी हलक्या हाताने मोकळं होण्यासारखं काय आहे ते बघितलं.

टेलिग्राम आणि Sent

ॲप्सच्या १८.२ जीबीमध्ये आकाराप्रमाणे टेलिग्राम वर आलं. त्याच्या Settings मध्ये Data and Storage, त्यात Storage Usage उघडलं तर मॅचच्या क्लिपांनी १.४ जीबी अडवलेले. टेलिग्रामच्या नेहमीच्या गप्पांमधल्या फाइल त्यांच्या सर्व्हरवर असतात, फोनमध्ये असते ती बघण्यासाठी उतरवलेली प्रत. म्हणून तिथलं Clear Cache निर्धास्तपणे दाबता येतं. पुन्हा बघायची झाली तर पुन्हा उतरेल. जागा ३.० जीबी झाली.

व्हॉट्सअॅपला हा न्याय लावू नये. व्हॉट्सअॅपच्या सर्व्हरवर तुमचे फोटो साठवून ठेवलेले नसतात. फोनमधली प्रत हीच तुमची प्रत. आणि फोनच्या Settings मधून एखाद्या ॲपच्या पानावर गेलं की Clear cache च्या शेजारीच Clear storage किंवा Clear data असं बटण असतं. पहिल्याने तात्पुरत्या फाइल जातात. दुसऱ्याने ॲप नुकतं बसवल्यासारखं कोरं होतं: व्हॉट्सअॅपमधून गप्पा जातात आणि बॅकअप नसेल तर परत येत नाहीत, यूपीआयच्या ॲपमध्ये सिमवरून नोंदणी पुन्हा करावी लागते. जागेच्या नादात चुकीच्या बटणावर बोट पडण्याच्या तक्रारी याच पानावरून सुरू होतात.

व्हॉट्सअॅपमध्ये जागा कुठे जाते ते बघायला दुकानातला बिलाचा कॉम्प्युटर वापरला. फोनच्या About phone मध्ये Build number वर सात वेळा टिचकी मारून Developer options उघडायचे, त्यात USB debugging चालू करायचं, केबल लावायची आणि फोनवर आलेली परवानगी द्यायची. कॉम्प्युटरवर adb हे केबलवरून फोनला हुकूम देणारं साधन असेल तर दोनच ओळी पुरतात:

```
adb shell df -h /data
adb shell "du -sh /sdcard/Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/*"
```

पहिली ओळ आतल्या जागेत किती मोकळं आहे ते सांगते, दुसरी व्हॉट्सअॅपच्या प्रत्येक फोल्डरचं वजन. काम झालं की USB debugging बंद करावं. कॉम्प्युटर नसेल तर फाइल मॅनेजरमध्ये `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media` पर्यंत जाऊन हेच बघता येतं, जरा हळू.

सगळ्यात फुगलेला फोल्डर निघाला `WhatsApp Video`, आणि त्याच्या आत `Sent`. एकट्या `Sent` मध्ये १.९ जीबी. Storage च्या पानावर "इतर" म्हणून दिसत होते ते २.२ जीबी बहुतांशी हेच. आपण गॅलरीतून एखादा व्हिडिओ निवडून पाठवला की व्हॉट्सअॅप त्याची दाबून छोटी केलेली प्रत बनवतं आणि ती `Sent` मध्ये ठेवतं. मूळ व्हिडिओ कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये आहेच. या फोल्डरमध्ये `.nomedia` नावाची एक रिकामी फाइल असते; तिच्यामुळे गॅलरी आत डोकावत नाही. म्हणून तीन वर्षं गिऱ्हाइकांना पाठवलेल्या जोडांच्या प्रती मामांना कधी दिसल्याच नाहीत, आणि गॅलरीतून कितीही साफसफाई केली असती तरी दिसल्या नसत्या. ज्यांचा धंदाच फोटो-व्हिडिओ पाठवण्यावर चालतो त्यांच्या फोनमध्ये हा फोल्डर सगळ्यात आधी बघावा.

`Sent` मधलं काढल्यावर काय होतं? समोरच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला व्हिडिओ त्याच्याकडे राहतो, त्याला काही होत नाही. तुमच्या बाजूला त्या गप्पेत चित्र धूसर होतं आणि उघडत नाही. मूळ कॅमेरा फोल्डरमध्ये असेपर्यंत तोटा काही नाही. पण "मूळ आहेच" हे गृहीत धरू नये. कॅमेऱ्यातलं जे आधीच काढून टाकलंय त्याची उरलेली एकमेव प्रत कधीकधी `Sent` मध्येच असते. भाच्याने ऑर्डरचे गेल्या तीन महिन्यांतले व्हिडिओ तसेच ठेवायचं म्हटलं, पण मामांनी बघून सांगितलं की मूळ सगळे कॅमेऱ्यात आहेत; मग फोल्डरमधलं सगळं काढलं. `Sent` हा फोल्डर मात्र ठेवला. आणि फाइल मॅनेजरने ते पुन्हा स्वतःच्या बिनमध्ये टाकलं, म्हणून तीही रिकामी केली. ४.९ जीबी.

हात घालायचा नाही असा एक फोल्डर त्याच झाडावर शेजारी असतो: `Databases`. त्यात `msgstore` नावाने सुरू होणाऱ्या फाइल असतात, गप्पांचे स्थानिक बॅकअप. दिसायला निरर्थक आणि वजनदार, म्हणून काही साफसफाईवाले त्या सुचवतात. तारीख लावलेल्या जुन्या काढल्या तर चालतं, सगळ्यात ताजी मात्र काढू नये. ऑनलाइन बॅकअप नसलेल्याला तीच शेवटची काठी.

इथे गूगल फोटोजचा रस्ता का घेतला नाही तेही सांगायला हवं, कारण पहिला सल्ला बहुधा तोच मिळतो. Free up space हे बटण चांगलं आहे: ज्यांचा बॅकअप झालाय अशाच गोष्टी ते फोनवरून काढतं. पण गूगल खात्याची फुकट १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली असते, व्हॉट्सअॅपचा ऑनलाइन बॅकअपही आता त्यातच मोजतात. मामांच्या खात्याची ती जागा कधीच भरली होती आणि बॅकअप महिन्यांपूर्वी थांबला होता. त्यामुळे बटण दाबून फारसं काही हातात येणार नव्हतं. दुसरा धोका असा की त्याच ॲपमध्ये फोटो निवडून नेहमीचं Delete दाबलं तर तो फोनवरून आणि ऑनलाइन, दोन्हीकडून जातो. एकाच पडद्यावर दोन डिलीट, आणि अर्थ वेगळा.

लग्नाचा व्हिडिओ

४.९ वर थांबून Install दाबून बघता आलं असतं, कदाचित झालंही असतं. पण काठावर जागा ठेवून अपडेट सुरू करणं बरं नाही: बसवण्याच्या अर्ध्या तासात व्हॉट्सअॅपवर आणखी दहा व्हिडिओ येऊन पडले की पुन्हा तिथेच. चारशे लहान फाइल काढण्यापेक्षा एक मोठी हलवणं सोपं, म्हणून लग्नाचा व्हिडिओ परत घेतला, यावेळी कॉम्प्युटरवर.

केबल लावल्यावर फोन आपोआप फक्त चार्ज होतो. वरून पडदा ओढून USB च्या सूचनेत File transfer निवडावं लागतं, नाहीतर कॉम्प्युटरला फोन दिसतो आणि आत काहीच दिसत नाही. कॉम्प्युटरची डिस्क NTFS मांडणीची, तिथे ४ जीबीची मर्यादा नाही. साध्या केबलने ४.७ जीबी जायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात केबल हलवू नये, कारण मधेच तुटलं तरी कॉम्प्युटरवर त्या नावाची अर्धवट फाइल राहते आणि नुसतं नाव बघून ती पूर्ण वाटते. म्हणून दोन गोष्टी तपासल्या: दोन्हीकडच्या फाइलचा आकार Properties मध्ये बाइटपर्यंत सारखा आहे का, आणि कॉम्प्युटरवरच्या फाइलची शेवटची पाच मिनिटं चालतात का. मुलीची पाठवणी नीट दिसली, तेव्हा फोनवरची प्रत काढली, आणि बिन तिसऱ्यांदा रिकामी केली. मोकळी जागा ९.६ जीबी.

बसवणं

बॅटरी ८० टक्क्यांवर होती, तरी चार्जर लावला. Install दाबल्यावर फोन वापरता येत होता, फक्त जरा तापला आणि जड झाला. जागा बघितली तर हळूहळू ६ जीबीच्या आसपास खाली उतरली. आधी ज्या जागेअभावी अडलं होतं ती हीच, तीनेक जीबी. १.६ मध्ये ती मावणार नव्हती हे आता आकड्यांत दिसलं. चाळीसेक मिनिटांनी Restart ची सूचना आली. दुकानात गर्दी असताना रिस्टार्ट करू नये. दुपारी गिऱ्हाईक उतरल्यावर केला. पहिल्यांदा उठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा पॉवरचं बटण दाबून धरायचा मोह आवरावा.

ए/बीची कुठलीच पद्धत नसलेल्या जुन्या फोनांत हे सगळं रिस्टार्टनंतर होतं, वीसेक मिनिटं फोन हाताबाहेर असतो आणि पडद्यावर फक्त पट्टी. त्यांच्यासाठी बॅटरीची अट अधिक कडक.

रिस्टार्टनंतर लगेच Storage बघितलं की लोक पुन्हा घाबरतात. जागा अजून कमीच दिसत होती. बाजूला लिहिलेले बदल मूळ जागेत मिसळायचं काम फोन चालू झाल्यावर मागे चालतं. शिवाय नव्या आवृत्तीसाठी प्रत्येक ॲप नव्याने जुळवून घेतलं जातं, म्हणून पहिला दिवस फोन आळसावलेला आणि बॅटरी लवकर उतरलेली वाटते. इथे संध्याकाळपर्यंत मिसळणं संपलं, पार्सलही निघून गेलं, आणि मोकळी जागा ११.४ जीबीवर स्थिरावली. हिशेब जुळतो: ९.६ मध्ये पार्सलचे २.४ परत आले, म्हणजे १२.०, त्यातून ॲप जुळवण्यात ०.६ गेले. सिस्टीमचा आकडा १७.४ होता तिथेच राहिला.

मामा म्हणाले, "म्हणजे घेतलेली जागा परत दिली की त्यानं!"

"दिली. आता तुम्ही ती सुप्रभातनं भरू नका."

त्यावर भाच्याने व्हॉट्सअॅपच्या Storage and data मध्ये जाऊन आपोआप उतरणारे व्हिडिओ मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग तिन्हीवर बंद केले. फोटो राहू दिले, कारण गिऱ्हाईक मापाचा फोटो पाठवतं तो बोट न लावता दिसायला हवा. टेलिग्राममध्ये Keep Media ची मुदत एका आठवड्यावर आणली.

एवढ्यानेही न भागणारे फोन असतात, विशेषतः १६ आणि ३२ जीबीचे, जिथे सिस्टीम आणि आठ-दहा ॲप यांनीच सगळं व्यापलेलं असतं. काही कंपन्यांचं कॉम्प्युटरवर चालणारं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, त्यातून अपडेट केलं तर पार्सल कॉम्प्युटरवर उतरतं. आयफोनलाही केबलने कॉम्प्युटरला जोडून अपडेट करता येतं आणि तेव्हा फोनमध्ये पार्सलपुरती जागा वाचते. तेही नसेल तर बॅकअप घेऊन फोन कोरा करणं, आधी अपडेट बसवणं आणि मग सामान परत आणणं एवढंच उरतं. पण त्यात यूपीआय, बँकेची ॲप, दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड हे सगळं नव्याने बसवावं लागतं, म्हणून सणाच्या आठवड्यात या वाटेला जाऊ नये.

या प्रकरणात एक काम शिल्लक होतं. लग्नाचा व्हिडिओ आता फक्त बिलाच्या कॉम्प्युटरवर होता, आणि ती डिस्क सात वर्षांची. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीतून ६४ जीबीचं कार्ड आणलं. ते exFAT मांडणीचं, आणि फोनने ते वाचलं. व्हिडिओ त्यावर उतरवला, फोनमध्ये लावून शेवटपर्यंत चालवून बघितला, आणि ३२ जीबीचं जुनं कार्ड काढून काउंटरच्या खणात टाकलं.